बबल सॉर्ट आणि सिलेक्शन सॉर्ट: तुलना आणि अदलाबदली मोजून पाहण्याची पद्धत

डेटा स्ट्रक्चरचा अभ्यास सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात दोन वाक्ये पाठ होतात. दोन्ही पद्धतींना एन-वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो, आणि यादी आधीच क्रमाने असेल तर बबल सॉर्ट लवकर थांबतो. दोन्ही वाक्ये खरी आहेत, पण तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एवढेच विचारले की ‘या सहा आकड्यांवर किती अदलाबदली होतील?’ किंवा ‘लवकर थांबण्याची सोय केल्याने येथे नेमके काय वाचले?’, तर या वाक्यांच्या आधारे उत्तर देता येत नाही. हा लेख त्या प्रश्नांसाठी आहे. मी स्वतः हा विषय वहीवर आकडे मांडून शिकलो आणि पुढे प्रयोगशाळेत इतरांना तसाच शिकवला, त्यामुळे येथेही आधी हाताने मोजायचे आणि मग प्रोग्रॅम लिहायचा हाच क्रम ठेवला आहे.

काय काय लागेल

- चौकटींची वही आणि पेन्सिल. प्रत्येक चौकटीत एकच आकडा लिहावा, म्हणजे कोणता आकडा कोठून कोठे सरकला हे नजरेला दिसते.
- पायथन ३ असलेला कोणताही संगणक. वेगळी लायब्ररी लागत नाही.
- `for` लूप, `if` आणि लिस्टमधील स्थानांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात एवढी माहिती.

संपूर्ण लेखात एकच यादी वापरली आहे: ४२, १७, ५८, २३, ९, ३५. ती चढत्या क्रमाने लावायची आहे. आकडे सहाच असले तरी दोन्ही पद्धतींचे स्वभाव त्यांत पुरेपूर दिसतात.

## १. काय मोजायचे ते आधी ठरवा

तुलना म्हणजे यादीतील दोन घटकांपैकी कोणता मोठा हे एकदा तपासणे, मग त्या तपासणीतून पुढे काही घडो वा न घडो. अदलाबदल म्हणजे दोन घटकांनी एकमेकांच्या जागा घेणे. लूपचा क्रमांक शेवटापर्यंत पोहोचला का, किंवा सर्वांत लहान घटक आधीच आपल्या जागी आहे का, या तपासण्या स्थानांच्या क्रमांकांवर होतात, घटकांच्या किमतींवर नव्हे. म्हणून त्या तुलनांमध्ये धरायच्या नाहीत. वर्गातील दोन मुलांची उत्तरे जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा एकाने या तपासण्या मोजलेल्या असतात आणि दुसऱ्याने नाही.

दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजण्यामागे कारण आहे. तुलनेत दोन किमती फक्त वाचल्या जातात. अदलाबदलीत मात्र तात्पुरत्या जागेच्या मदतीने तीन वेळा किंमत एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवावी लागते, आणि त्यांपैकी दोनदा यादीतच नवे लेखन होते. घटक म्हणजे एक साधा पूर्णांक असेल तर हा फरक किरकोळ ठरतो. घटक म्हणजे नाव, पत्ता, गुण असे सगळे मिळून शेकडो बाइटची नोंद असेल, तर हाच फरक सगळ्या हिशोबावर भारी पडतो.

## २. बबल सॉर्ट वहीवर चालवा

बबल सॉर्टमध्ये डावीकडून सुरुवात करून शेजारशेजारच्या जोड्या तपासायच्या आणि डावा घटक उजव्यापेक्षा मोठा असेल तरच त्यांची अदलाबदल करायची. एक फेरी पूर्ण झाली की उरलेल्यांतला सर्वांत मोठा घटक उजव्या टोकाला पोहोचलेला असतो, म्हणून पुढची फेरी एका जोडीने लहान होते.

पहिली फेरी प्रत्येक पायरीसह पाहू.

```
सुरुवात        ४२  १७  ५८  २३   ९  ३५
४२, १७  बदल    १७  ४२  ५८  २३   ९  ३५
४२, ५८  नाही   १७  ४२  ५८  २३   ९  ३५
५८, २३  बदल    १७  ४२  २३  ५८   ९  ३५
५८,  ९  बदल    १७  ४२  २३   ९  ५८  ३५
५८, ३५  बदल    १७  ४२  २३   ९  ३५  ५८
```

पाच तुलना झाल्या आणि चार अदलाबदली. उरलेल्या फेऱ्यांची प्रत्येक पायरी तुम्ही स्वतः वहीत लिहा आणि फेरीच्या शेवटची यादी पुढील ओळींशी ताडून पाहा.

```
फेरी २ नंतर    १७  २३   ९  ३५  ४२  ५८    तुलना ४, अदलाबदली ३
फेरी ३ नंतर    १७   ९  २३  ३५  ४२  ५८    तुलना ३, अदलाबदल १
फेरी ४ नंतर     ९  १७  २३  ३५  ४२  ५८    तुलना २, अदलाबदल १
फेरी ५ नंतर     ९  १७  २३  ३५  ४२  ५८    तुलना १, अदलाबदल ०
```

एकूण १५ तुलना आणि ९ अदलाबदली. यांपैकी १५ हा आकडा सूत्राने मिळतो, कारण n घटकांसाठी 5 + 4 + 3 + 2 + 1 अशा बेरजेचे सर्वसाधारण रूप n(n − 1)/2 हे आहे. ९ हा आकडा मात्र सूत्राने मिळत नाही. तो यादीतील घटकांच्या क्रमावर अवलंबून असतो, आणि तो प्रत्यक्ष सॉर्ट न चालवताही काढता येतो.

## ३. अदलाबदली आधीच ओळखा: उलट्या जोड्या मोजा

यादीतील कोणतेही दोन घटक घ्या, ते शेजारी असण्याची गरज नाही. डावीकडचा घटक उजवीकडच्यापेक्षा मोठा असेल तर त्या जोडीला उलटी जोडी म्हणू. आपल्या मूळ यादीत ४२ च्या उजवीकडे त्याहून लहान असे १७, २३, ९ आणि ३५ हे चार घटक आहेत. १७ च्या उजवीकडे एकटा ९ आहे. ५८ च्या उजवीकडे २३, ९, ३५ असे तीन, आणि २३ च्या उजवीकडे ९ हा एक. बेरीज होते ९, म्हणजे अदलाबदलींइतकीच.

हा योगायोग नाही. शेजारच्या दोन घटकांची अदलाबदल केली की त्या दोघांचा परस्परक्रम तेवढा बदलतो आणि बाकी प्रत्येकाशी असलेला त्यांचा क्रम जसाच्या तसा राहतो. त्यामुळे प्रत्येक अदलाबदलीने बरोबर एकच उलटी जोडी सुलटी होते. यादी क्रमाने लागते तेव्हा एकही उलटी जोडी शिल्लक नसते, म्हणून जितक्या उलट्या जोड्या तितक्याच अदलाबदली कराव्या लागतात. बबल सॉर्टमध्ये कोणतीही सुधारणा केली तरी, जोपर्यंत तो फक्त शेजाऱ्यांची अदलाबदल करतो तोपर्यंत या संख्येत एकाचाही फरक पडत नाही. लवकर थांबण्याची सोय येथे लागू करून अदलाबदली कमी होतील अशी अपेक्षा अनेकजण धरतात, पण तसे घडू शकत नाही हे या एका निरीक्षणावरून सिद्ध होते.

## ४. सिलेक्शन सॉर्ट त्याच यादीवर चालवा

सिलेक्शन सॉर्ट आधी शोधतो आणि मग हलवतो. उरलेल्या भागात सर्वांत लहान घटक कोणत्या स्थानावर आहे हे पूर्ण भाग तपासून लक्षात ठेवायचे, आणि तपासणी संपल्यावर त्या घटकाची उरलेल्या भागाच्या पहिल्या घटकाशी एकदाच अदलाबदल करायची.

```
सुरुवात                  ४२  १७  ५८  २३   ९  ३५
फेरी १: लहान ९, बदल       ९  १७  ५८  २३  ४२  ३५    तुलना ५
फेरी २: लहान १७, जागीच    ९  १७  ५८  २३  ४२  ३५    तुलना ४
फेरी ३: लहान २३, बदल      ९  १७  २३  ५८  ४२  ३५    तुलना ३
फेरी ४: लहान ३५, बदल      ९  १७  २३  ३५  ४२  ५८    तुलना २
फेरी ५: लहान ४२, जागीच    ९  १७  २३  ३५  ४२  ५८    तुलना १
```

तुलना पुन्हा १५, पण अदलाबदली फक्त ३. पहिल्याच फेरीत ९ हा पाचव्या जागेवरून थेट पहिल्या जागेवर आला. बबल सॉर्टमध्ये त्याच ९ ला दर फेरीत एकेक घर डावीकडे सरकत चार फेऱ्या काढाव्या लागल्या होत्या. लांबची उडी घेण्याची मुभा आहे म्हणूनच सिलेक्शन सॉर्टच्या अदलाबदली इतक्या कमी आहेत.

येथे एका फेरीत जास्तीत जास्त एक अदलाबदल होते, म्हणून n घटकांना n − 1 पेक्षा अधिक अदलाबदली कधीच लागत नाहीत. सगळे घटक वेगवेगळे असतील तर याहून पुढचीही गोष्ट खरी आहे: घटक आधीच जागेवर असल्यास अदलाबदल टाळणारा सिलेक्शन सॉर्ट शक्य तितक्या कमीत कमी अदलाबदलींत काम संपवतो. त्याच्या प्रत्येक अदलाबदलीने निदान एक घटक आपल्या कायमच्या जागी बसतो.

येथील सापळा. पुष्कळ वह्यांमध्ये सिलेक्शन सॉर्ट या नावाखाली वेगळेच काही लिहिलेले आढळते. सर्वांत लहान घटकाचे स्थान लक्षात ठेवण्याऐवजी आतल्या लूपमध्ये `a[j] < a[i]` दिसताक्षणीच अदलाबदल केलेली असते. यादी शेवटी क्रमाने लागते, त्यामुळे काही चुकले आहे अशी शंकाही येत नाही. पण आपल्या यादीवर हा प्रकार चालवून पाहिला तर तीनऐवजी नऊ अदलाबदली होतात. सिलेक्शन सॉर्टचा जो एकमेव मोठा गुण, तोच यात निघून जातो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये अदलाबदलीची ओळ आतल्या लूपच्या आत आहे की बाहेर, एवढे तपासले तरी हा दोष सापडतो.

## ५. लवकर थांबण्याची सोय नीट बसवा

बबल सॉर्टची सुधारणा साधी आहे. एखाद्या पूर्ण फेरीत एकही अदलाबदल झाली नाही तर पुढच्या फेऱ्या करायच्या नाहीत. याचे समर्थन मात्र नीट समजून घ्यावे. अदलाबदलीविना गेलेल्या फेरीत प्रत्येक शेजारी जोडी तपासली गेली आणि प्रत्येक जोडीत डावा घटक उजव्यापेक्षा मोठा नाही असे आढळले. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा नाही, दुसरा तिसऱ्यापेक्षा नाही, अशी साखळी शेवटपर्यंत जुळते, आणि फेरीबाहेर राहिलेले उजवीकडचे घटक तर आधीच आपापल्या जागी बसलेले असतात. म्हणजे अशी फेरी हा यादी क्रमाने असल्याचा पुरावाच आहे.

```python
def bubble(a):
    n = len(a)
    comps = swaps = 0
    for i in range(n - 1):
        swapped = False
        for j in range(n - 1 - i):
            comps += 1
            if a[j] > a[j + 1]:
                a[j], a[j + 1] = a[j + 1], a[j]
                swaps += 1
                swapped = True
        if not swapped:
            break
    return comps, swaps
```

```python
def selection(a):
    n = len(a)
    comps = swaps = 0
    for i in range(n - 1):
        m = i
        for j in range(i + 1, n):
            comps += 1
            if a[j] < a[m]:
                m = j
        if m != i:
            a[i], a[m] = a[m], a[i]
            swaps += 1
    return comps, swaps
```

दुसऱ्या फंक्शनमध्ये लवकर थांबण्याची सोय नाही, आणि ती तशी बसवताही येत नाही. ‘या फेरीत अदलाबदल झाली नाही, तर थांब’ ही बबल सॉर्टची ओळ सिलेक्शन सॉर्टमध्ये जशीच्या तशी उचलून ठेवली तर उत्तर चुकते. आपल्याच यादीची दुसरी फेरी पाहा. १७ आधीच जागेवर असल्याने अदलाबदल झाली नाही, पण तेथे थांबलो असतो तर मागे ५८, २३, ४२, ३५ हा भाग अस्ताव्यस्तच राहिला असता. सिलेक्शन सॉर्टची फेरी प्रत्येक घटकाला त्या क्षणी सर्वांत लहान ठरलेल्या घटकाशी ताडते, आणि उरलेल्या घटकांचा आपसांतला क्रम तपासतच नाही. त्यामुळे अदलाबदल न होण्यातून ‘हा घटक जागेवर होता’ एवढेच कळते. हा प्रश्न परीक्षक आवडीने विचारतात आणि तो विचारण्याजोगा आहेच, कारण त्यात दोन्ही पद्धतींतील खरा फरक सामावलेला आहे.

बबल सॉर्टमध्ये ही सोय बसवताना तीन चुका वारंवार होतात.

पहिली चूक म्हणजे `swapped = False` ही ओळ बाहेरच्या लूपच्याही आधी, एकदाच लिहिणे. मग पहिली अदलाबदल झाली की हा झेंडा कायमचा वर राहतो आणि लवकर थांबणे कधीच घडत नाही. उत्तर बरोबर येते. इतकेच नव्हे, तर आधीच क्रमाने असलेली यादी देऊन चाचणी घेतली तरी पहिल्या फेरीनंतर प्रोग्रॅम व्यवस्थित थांबतो, त्यामुळे चूक झाकलेलीच राहते. ती पकडण्यासाठी ५८, ९, १७, २३, ३५, ४२ ही यादी द्या. तुलना ९ यायला हव्यात. १५ आल्या तर झेंड्याची ओळ चुकीच्या जागी आहे.

दुसरी चूक म्हणजे `if not swapped` ही तपासणी एका टॅबने अधिक आत सरकून आतल्या लूपमध्ये जाणे. तेव्हा पहिलीच जोडी सुलटी निघाली की फेरी तेथेच तुटते. १७, ४२, ९ ही यादी अशा प्रोग्रॅमला दिली तर ती जशीच्या तशी परत मिळते.

तिसरी चूक म्हणजे `>` ऐवजी `>=` लिहिणे. मग समान घटकांचीही अदलाबदल होत राहते. सहाही घटक ३५ असतील तर वरील प्रोग्रॅम पाच तुलनांत थांबण्याऐवजी १५ तुलना आणि १५ अदलाबदली करतो. कोणी फेऱ्या लहान न करता नुसता `while swapped` असा लूप लिहिला असेल, तर तो कधीच थांबत नाही.

## ६. सोयीचा फायदा कोणत्या यादीत होतो ते ओळखा

आपल्या मूळ यादीवर सोय असलेला बबल सॉर्ट चालवला तर तुलना किती होतात? पंधराच. चौथ्या फेरीत एक अदलाबदल झाली होती, त्यामुळे पाचवी फेरी खात्री करण्यासाठी करावीच लागली आणि तीच शेवटची होती. काहीच वाचले नाही.

‘यादी जवळजवळ क्रमाने असेल तर बबल सॉर्ट चांगला’ असे सरसकट सांगितले जाते. हे विधान मला अपुरे वाटते, आणि ते का अपुरे आहे हे दोन याद्या शेजारी ठेवल्यावर लगेच दिसते. दोन्हींत एकच घटक चुकीच्या टोकाला आहे.

पहिली यादी ५८, ९, १७, २३, ३५, ४२. पहिल्या फेरीत ५८ पाच उड्या मारत थेट उजव्या टोकाला जातो. दुसऱ्या फेरीत चार तुलना होतात, अदलाबदल होत नाही आणि काम थांबते. एकूण ९ तुलना, ५ अदलाबदली.

दुसरी यादी १७, २३, ३५, ४२, ५८, ९. पहिल्या फेरीत शेवटच्या जोडीची अदलाबदल होऊन ९ एक घर डावीकडे येतो. दुसऱ्या फेरीत आणखी एक घर. फेरी डावीकडून उजवीकडे जात असल्याने लहान घटकाला एका फेरीत एकापेक्षा जास्त घर सरकताच येत नाही. पाचही फेऱ्या लागतात: १५ तुलना, ५ अदलाबदली.

यावरून एक उपयोगी नियम मिळतो. प्रत्येक घटकाच्या डावीकडे त्याहून मोठे किती घटक आहेत ते मोजा आणि त्यांतील सर्वांत मोठी संख्या घ्या. अदलाबदली होणाऱ्या फेऱ्या तितक्याच असतात, आणि त्यांनंतर खात्रीची एक फेरी, अर्थात फेऱ्या शिल्लक असतील तर. मूळ यादीत ९ च्या डावीकडे चार मोठे घटक आहेत, म्हणून चार अधिक एक अशा पाच फेऱ्या.

प्रत्यक्ष कामात याचा त्रास अनपेक्षित ठिकाणी होतो. क्रमाने लावलेल्या यादीच्या शेवटी नवी नोंद जोडली जाणे हा ‘जवळजवळ क्रमाने’ असण्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. आडनावानुसार लावलेल्या हजेरीपटात उशिरा प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचे नाव शेवटी लिहिले जाते. ते नाव ‘अ’ने सुरू होत असेल तर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या बबल सॉर्टला जवळजवळ सगळ्या फेऱ्या कराव्या लागतात. उपाय सोपा आहे: फेरी उजवीकडून डावीकडे चालवा, म्हणजे प्रत्येक फेरीत सर्वांत लहान घटक डाव्या टोकाला जाईल. अशा फेऱ्यांनी दुसरी यादीही ९ तुलनांतच संपते. मात्र मग पहिल्या यादीला १५ लागतात.

यादी पूर्णपणे विस्कळीत असेल तर या सोयीकडून फारशी आशा ठेवू नये. १००० वेगवेगळे घटक कोणत्याही क्रमाने येऊ शकत असतील, तर सरासरी साधारण ४० फेऱ्या वाचतात. ऐकायला हे बरे वाटते, पण वाचलेल्या फेऱ्या नेहमी शेवटच्या, म्हणजे सर्वांत आखूड असतात. एकूण ४,९९,५०० तुलनांपैकी त्यांनी सुमारे १००० तुलना कमी होतात, म्हणजे हजारी दोन.

## ७. आकडे ताडून पाहा

दोन्ही फंक्शने चालवताना यादीची प्रत द्या. ही फंक्शने दिलेली यादीच बदलतात, म्हणून आधी `bubble(a)` आणि लगेच `selection(a)` असे लिहिले तर दुसऱ्याला आधीच क्रमाने लागलेली यादी मिळते आणि अदलाबदली शून्य दिसतात.

```python
a = [42, 17, 58, 23, 9, 35]
print(bubble(a[:]))      # (15, 9)
print(selection(a[:]))   # (15, 3)
```

पुढील तक्त्यात प्रत्येक रकान्यात आधी तुलना आणि मग अदलाबदली आहेत. तुमचे आकडे याच्याशी जुळायला हवेत.

| यादी | बबल, सोयीविना | बबल, सोयीसह | सिलेक्शन |
|---|---|---|---|
| मूळ यादी | १५, ९ | १५, ९ | १५, ३ |
| आधीच क्रमाने | १५, ० | ५, ० | १५, ० |
| पूर्ण उलट्या क्रमाने | १५, १५ | १५, १५ | १५, ३ |
| ५८ सुरुवातीला, बाकी क्रमाने | १५, ५ | ९, ५ | १५, ५ |
| ९ शेवटी, बाकी क्रमाने | १५, ५ | १५, ५ | १५, ५ |

शेवटच्या दोन ओळींत सिलेक्शन सॉर्टलाही पाच अदलाबदली लागल्या आहेत, तेव्हा तो अदलाबदलींत नेहमीच जिंकतो असे समजू नये. तो बबल सॉर्टपेक्षा अधिक अदलाबदली कधी करत नाही, पण बरोबरी मात्र होऊ शकते. सिलेक्शनच्या रकान्यात तुलनांचा आकडा पाचही ओळींत १५ आहे, कारण यादी कशीही असली तरी त्याच्या तुलना ठरलेल्याच असतात.

## ८. कोणती पद्धत कोठे वापरायची ते ठरवा

पायथनमध्ये लिस्टमधील अदलाबदल म्हणजे दोन संदर्भांची अदलाबदल असते. मागची नोंद कितीही मोठी असली तरी ती जागची हलत नाही, त्यामुळे अदलाबदलींतील बचत तेथे ठळकपणे जाणवणार नाही. (आणि प्रत्यक्ष कामासाठी पायथनची स्वतःची `sorted()` वापरावी, ही दोन फंक्शने नव्हेत.) सी भाषेत मोठ्या स्ट्रक्चरची ॲरे असेल तर मात्र प्रत्येक अदलाबदलीत सगळी नोंद तीनदा हलते, आणि सिलेक्शन सॉर्टचा फायदा स्पष्ट दिसतो. १००० विस्कळीत घटकांवर बबल सॉर्ट सरासरी २,४९,७५० अदलाबदली करतो, तर सिलेक्शन सॉर्ट फार तर ९९९.

लेखन महाग असते अशा ठिकाणी हा फरक हातात येण्याइतका मोठा होतो. आर्डुइनो युनो या छोट्या बोर्डवरील एटीमेगा३२८पी या चिपच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी नोंदी टिकवणाऱ्या मेमरीत, १०२४ बाइट असतात. प्रत्येक बाइटवर सुमारे १,००,००० वेळा लिहिता येते आणि एका लेखनाला सुमारे ३.३ मिलिसेकंद लागतात. समजा तेथे २०० एक-बाइटी नोंदी नेमक्या उलट्या क्रमाने आहेत आणि त्या जागच्या जागी लावायच्या आहेत. बबल सॉर्टला १९,९०० अदलाबदली, म्हणजे ३९,८०० लेखने करावी लागतील. त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ जाईल आणि प्रत्येक बाइटच्या वाट्याला सरासरी १९९ लेखने येतील. सिलेक्शन सॉर्टला १०० अदलाबदली, म्हणजे २०० लेखने लागतात. प्रत्येक बाइटवर एकदाच लिहिले जाते आणि लेखनाचा वेळ एका सेकंदाच्याही आत संपतो. अर्थात या चिपमध्ये २ केबी रॅम आहे आणि २०० बाइट त्यात सहज मावतात, त्यामुळे शहाणपणाचा मार्ग म्हणजे नोंदी रॅममध्ये वाचून, तेथे लावून, एकदाच परत लिहिणे. रॅम अपुरी पडत असेल तेव्हाच वरचा हिशोब निर्णायक ठरतो.

एका बाबतीत मात्र बबल सॉर्ट निर्विवाद सरस आहे. समान किमतीच्या नोंदींचा आधीचा क्रम तो मोडत नाही. ३५ गुणांच्या क आणि ख अशा दोन नोंदी आणि त्यांच्यामागे ९ गुणांची ग ही नोंद आहे असे समजा. बबल सॉर्टनंतर क्रम ग, क, ख असा येतो. सिलेक्शन सॉर्ट पहिल्याच फेरीत क आणि ग यांची अदलाबदल करतो, क थेट ख च्या मागे जाऊन पडतो आणि क्रम ग, ख, क असा होतो. नोंदी आधी नावानुसार लावून मग गुणांनुसार लावायच्या असतील, तर सिलेक्शन सॉर्टने नावांचा क्रम बिघडू शकतो, आणि अशा कामात अदलाबदली कितीही वाचत असल्या तरी तो जसाच्या तसा वापरता येत नाही. बबल सॉर्टचा हा गुणही `>` या चिन्हावरच टिकून आहे. पाचव्या पायरीतील तिसरी चूक केली, म्हणजे तेथे `>=` लिहिले, तर समान गुणांच्या नोंदी एकमेकींना ओलांडू लागतात आणि त्यांचा आधीचा क्रम टिकण्याची हमी राहत नाही.